आबांना पत्र, ओउलूहून

ओउलू, फिनलंड
२८ मे

ती. आबा,
साष्टांग नमस्कार. परवा फोनवर तुम्ही विचारलंत की तिकडे पावसाळा कधी लागतो आणि समुद्र खरंच गोठतो का, आणि नेमका तेव्हाच आवाज तुटायला लागला. म्हणून म्हटलं सगळं नीट लिहूनच काढते, बाबा प्रिंट काढून देतील, मोठ्या अक्षरात.

पहिलं म्हणजे आबा, इथे पावसाळा नाहीच! पाऊस पडतो, पण वर्षभर थोडा थोडा, चारपाच महिने त्यातला बर्फ होऊन. अख्ख्या वर्षाचा सगळा मिळून ५०० मिलिमीटरच्या आसपास होतो. आपल्या दापोलीकडे तीन हजारांच्या वर जातो, म्हणजे इथलं वर्षाचं पाणी आपण जुलैमध्ये काही दिवसांत बघतो. आणि तरी इथे जिकडे तिकडे पाणी साठलेलं, तळी, दलदल, ओली जंगलं. कारण ऊन तिरपं आणि गारठा जास्त, पाणी उडूनच जात नाही. आपल्याकडे एवढा कोसळूनही मार्चला सडा कोरडा ठक्क पडतो, जांभ्यातून सगळं खाली निघून जातं, आणि एप्रिलमध्ये आजी विहिरीत वाकून बघत बसते, ते मला इथे सारखं आठवतं.

आता समुद्र. गोठतो आबा, पूर्ण गोठतो. फेब्रुवारीत मी नल्लिकारीच्या पुळणीवरून सरळ चालत समुद्रावर गेले, कुठे वाळू संपली आणि कुठे पाणी सुरू झालं कळलंच नाही, सगळं एकसारखं पांढरं. लांब आत एक म्हातारे आजोबा छोट्या स्टुलावर बसून मासे धरत होते. त्यांच्याकडे हाताने फिरवायचं लांब गिरमिट असतं, त्याने बर्फाला भोक पाडायचं आणि त्यात बोटभर काठीने गळ सोडायचा. मी वाकून बघितलं तर बर्फाची जाडी माझ्या गुडघ्याच्या वर, आणि तळाशी काळंभोर पाणी हलत होतं. बोट बुडवून चाटलं तर खारटपणा जेमतेम! हे बोथनियाचं आखात बाल्टिक समुद्राचं अगदी टोक, चारी बाजूंनी नद्यांचं गोडं पाणी येऊन पडतं आणि महासागराशी वाट फारच अरुंद, म्हणून मीठ इतकं कमी, आणि म्हणूनच गोठतोही लवकर. किनाऱ्याला आपल्यासारखा वासही नाही. सुकटीचा नाही, शेवाळाचा नाही, काही नाही. मला ते फार चुकल्यासारखं वाटतं.

आणि सगळ्यात मोठं म्हणजे भरती-ओहोटी नाही! तुमचं ते तिथीला तीनाने गुणून चाराने भागायचं गणित इथे काहीच कामाचं नाही, पौर्णिमा असो की अष्टमी. इथे पाणी वाऱ्यावर चढतं उतरतं, दक्षिणेचा वारा बराच वेळ लागला की पाणी किनाऱ्याला दाटतं, उत्तरेचा लागला की मागे सरतं. वर्गातल्या एका मुलीला मी तुमचं गणित समजावून सांगितलं तर ती म्हणाली की रोज दोनदा समुद्र येतो आणि जातो हे तिने फक्त पुस्तकात वाचलंय.

अजून एक सांगते, हे वाचून तुम्ही बाबांना परत एकदा मोठ्याने वाचायला लावाल. इथली जमीन वर येतेय. हिमयुगात इथे दोन-तीन किलोमीटर जाडीचा बर्फ होता, त्याच्या वजनाने जमीन खाली दबलेली, तो वितळून दहाएक हजार वर्षं झाली तरी ती अजून उचलतेच आहे, वर्षाला ७-८ मिलिमीटर. शंभर वर्षांत पाऊण मीटर धरा. म्हणजे पणजोबांच्या वेळी जिथे होडी लागायची तिथे पणतूच्या वेळी गवत आणि झाडं. आपल्याकडे आगराचा बांध दर पावसाळ्यात समुद्र थोडा थोडा खातो आणि तुम्ही परत दगड रचता, आणि इथे समुद्र आपणहून जागा सोडून जातो. दोन्ही किनारेच, पण माणसं समुद्राकडे बघतात ते किती वेगळं असेल याचा मी खूप विचार करते.

डोंगर मात्र नाहीत हो. घाट नाही, कडा नाही, सगळं सपाट. पाइन, स्प्रूस आणि पांढऱ्या सालीचे बर्च, तेच तेच मैलोन्‌मैल. सुरुवातीला वाटायचं किती एकसुरी. मग सप्टेंबर आला आणि जंगलाची जमीनच लाल झाली, बर्च पिवळेधमक, याला हे लोक रुस्का म्हणतात आणि मुद्दाम बघायला जातात. जंगलात ब्लूबेरी, लिंगोनबेरी कुणीही कुणाच्याही जागेतून तोडावी, कायद्यानेच मोकळीक आहे, मालकाला विचारायचं नाही. आपल्या सड्यावरची करवंदं आणि तोरणं जशी.

ऋतू इथे उजेडावर चालतात. २१ डिसेंबरच्या आसपास दिवस जेमतेम साडेतीन तासांचा, सूर्य साडेदहाला दिसतो आणि दोनला गेला, तोही क्षितिजाला चिकटून, भर दुपारी सावली रस्ताभर लांब. आपल्याकडे मेमध्ये एक दिवस सावली अगदी पायाखाली येते ना, तसं इथे कधीच होत नाही. पण खरं अवघड डिसेंबर नाही, नोव्हेंबर! अंधार झालेला असतो आणि बर्फ अजून टिकत नाही, सगळं ओलं काळं. एकदा बर्फ बसला की रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेड त्याच्यावरून वर फेकला जातो आणि बरं वाटायला लागतं. थंडी उणे २५ पर्यंत गेली, पण कोरडी असते, नीट कपडे घातले की सोसते, आजीला सांगा.

आणि आता बघा, आत्ता रात्रीचे साडेदहा वाजलेत आणि मी दिवा न लावता लिहितेय. सूर्य ११ नंतर मावळेल आणि सव्वातीनला परत वर, मधेही पुरता काळोख नाही. मागच्या आठवड्यापर्यंत बर्च नुसते काड्या होते, आणि चारपाच दिवसांत सगळ्या झाडांना पोपटी पालवी. आपल्याकडे पहिल्या पावसानंतर सडा रातोरात हिरवा होतो तो वेग मला इथे पहिल्यांदा दिसला. शेतकऱ्यांची जव आणि ओटची पेरणी आत्ताच चाललीये, ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत कापून मोकळं व्हायचं, वर्षाला एकच पीक. मृगाची वाट बघतात तशी हे लोक जमीन वितळून वाफसा यायची वाट बघतात.

तुमच्याकडे रोहिणी लागलंय ना? धूळवाफेची पेरणी यंदा करताय की मृगावरच? मोहोर जानेवारीत दुसऱ्यांदा आला असं आई म्हणाली होती, त्याला फळ धरलं का, आणि पाऊस यायच्या आत उतरवून होतंय का तेही कळवा. बांध एकट्याने रचू नका, गडी मिळेपर्यंत थांबा. आणि पहिला पाऊस आला की बाबांना फोन अंगणात धरायला सांगा, कितीही वाजलेले असोत, मी जागीच असते सध्या.

आजीला नमस्कार.

तुमची,
मनू