साप्ताहिक सुट्टीच्या नव्या पाळीबद्दल सूचना

दिनांक : शनिवार, २४ जानेवारी २०२६
महाद्वार रोड, कोल्हापूर

दुकानातल्या सर्व कामगार बंधू-भगिनींसाठी,

सोमवार, २ फेब्रुवारीपासून आपल्या साप्ताहिक सुट्टीची पद्धत बदलतोय. मंगळवारी दुकान बंद केल्यावर आपण सगळे गादीवर बसून यावर बोललो होतो. तेव्हा जे ठरलं आणि त्यानंतर मी जे नक्की केलं, ते सगळं खाली लिहिलं आहे. हा कागद गल्ल्यामागच्या भिंतीवर आणि वर शिलाईच्या खोलीत लावला आहे. ज्यांना वाचायला जड जातं त्यांनी रेश्माकडून वाचून घ्यावा. ऐकीव गोष्टीवर कोणी राहू नये.

आजवर कसं होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. शुक्रवार देवीचा वार, शनिवार-रविवार बाहेरगावच्या भाविकांची गर्दी. म्हणून या तीन दिवशी कोणालाच सुट्टी नाही, आणि उरलेल्या चार दिवसांत चौदा जणांची सुट्टी वाटलेली. एकदा मिळालेला वार कायमचा. दुकानाच्या सोयीचा विचार करून मीच ते ठरवलं होतं. पण त्यामुळे या दुकानात काम करणाऱ्या माणसाला वर्षाच्या बावन्न रविवारांपैकी एकही रविवार घरी मिळत नव्हता.

मार्गशीर्षात महेशच्या बहिणीचा साखरपुडा रविवारी होता. त्याने आठ दिवस आधी सुट्टी मागितली. लग्नसराईची गिऱ्हाइकं आहेत म्हणून मी नाही म्हणालो. त्या दिवशी दुपारी तो एका कुटुंबाला सिल्कच्या साड्या दाखवत होता. समोर वीस-पंचवीस साड्या उलगडून पडलेल्या. फोन गादीच्या कडेला उभा करून ठेवलेला, त्यात साखरपुड्याचा व्हिडिओ चालू, आवाज बंद. पदर उलगडता उलगडता तो मधूनच तिकडे बघायचा. ते गिऱ्हाईक साडी घेऊन गेलं, बिलही मोठं झालं. पण मला ते दृश्य विसरता आलं नाही. महेश, मी चुकलो. हे सगळ्यांसमोर लिहावं असं वाटलं म्हणून इथे लिहिलं.

आता नवी पद्धत. चौदा जणांच्या सात जोड्या केल्या आहेत. रोज एक जोडी सुट्टीवर, बारा जण कामावर. दर आठवड्याला प्रत्येक जोडीची सुट्टी एक वार पुढे सरकेल. या आठवड्यात सोमवार असेल तर पुढच्या आठवड्यात मंगळवार, त्यापुढे बुधवार. सात आठवड्यांत प्रत्येकाला सातही वार मिळतात, म्हणजे रविवारही मिळतोच. पहिल्या आठवड्याची, म्हणजे २ ते ८ फेब्रुवारीची, वाटणी अशी :

सोमवार : बाळूमामा, रेश्मा
मंगळवार : महेश, शोभाताई
बुधवार : दत्तूकाका, प्रियांका
गुरुवार : सुरेश, अनिता
शुक्रवार : राजू, वैशालीवहिनी
शनिवार : संभाजी, मीना
रविवार : सुनीताताई, गणेश

जोड्या जुळवताना एकाच विभागातली दोन माणसं एका दिवशी जाणार नाहीत, एवढंच पाहिलं. वय, नोकरीची वर्षं, पगार यातलं काही मोजलेलं नाही.

सुट्टी पुढेच का सरकवायची, मागे का नाही, असं संभाजीने विचारलं होतं. प्रश्न चांगला होता, म्हणून मी वहीत दोन्ही मांडून पाहिलं. मागे सरकवली तर दोन सुट्ट्यांमध्ये पाचच दिवस काम पडतं. ऐकायला बरं वाटतं. पण सोमवारवरून पुढच्या आठवड्याच्या रविवारवर उडी पडते तेव्हा मध्ये सलग बारा दिवस काम लागतं. तेवढं मी कोणाकडून करून घेणार नाही. पुढे सरकवली तर दोन सुट्ट्यांमध्ये सात दिवस काम पडतं. पूर्वीपेक्षा एक दिवस जास्त, हे मला मान्य आहे. पण त्याच्या बदल्यात रविवारची सुट्टी संपली की दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, नव्या आठवड्याची सुट्टी येते. म्हणजे सात आठवड्यांतून एकदा सलग दोन दिवस. माहेरी जायचं, गावाकडची कामं उरकायची, पोरांना घेऊन कुठे मुक्कामाला जायचं, तर ते दोन दिवस हाताशी असतील.

प्रत्येकाचा पहिला रविवार आत्ताच लिहून ठेवा. सुनीताताई-गणेश ८ फेब्रुवारी. संभाजी-मीना १५ फेब्रुवारी, त्या दिवशी महाशिवरात्रही आहे. राजू-वैशालीवहिनी २२ फेब्रुवारी. सुरेश-अनिता १ मार्च. दत्तूकाका-प्रियांका ८ मार्च. महेश-शोभाताई १५ मार्च. बाळूमामा-रेश्मा २२ मार्च. दुसऱ्या दिवशीचा सोमवार प्रत्येकाला धरूनच आहे. २३ मार्चला चक्र पुन्हा पहिल्यापासून सुरू.

गुढीपाडवा गुरुवारी, १९ मार्चला आहे आणि त्या दिवशी राजू-वैशालीवहिनींची सुट्टी येते. पाडव्याला दुकानात पाय ठेवायला जागा नसते, तरी त्यांनी यायलाच हवं असं मी म्हणणार नाही. यायची तयारी असेल तर आधी सांगा, बदली सुट्टी तुम्ही म्हणाल त्या दिवशी देतो. गुढी घरी उभारायची असेल तर खुशाल घरी राहा.

जुन्या पद्धतीतून नव्या पद्धतीत येताना सर्वांत जास्त ओढ सुनीताताई आणि गणेश यांना बसते. ताईंची जुनी सुट्टी मंगळवारी २७ तारखेला आणि नवी थेट ८ फेब्रुवारीला. मध्ये अकरा दिवस. गणेशला दहा. म्हणून ताईंना ३ तारखेचा मंगळवार आणि गणेशला ४ तारखेचा बुधवार जादा सुट्टी, भरपगारी. बाकी काहींना या पहिल्या वेळी फार तर आठ दिवस सलग पडतील. त्यांनी आठव्या दिवशी दोन तास लवकर निघावं.

दत्तूकाकांचं मात्र वेगळं ठेवलं आहे आणि ते उघड सांगतो, म्हणजे मागून कुजबुज नको. काका एकतीस वर्षं या दुकानात आहेत, माझ्या वडिलांनी त्यांना कामावर घेतलं. दर गुरुवारी ते नरसोबाच्या वाडीला जातात आणि त्यासाठीच त्यांनी गुरुवारची सुट्टी मागून घेतली होती. मंगळवारच्या बैठकीत त्यांनी एका शब्दानेही तक्रार केली नाही. "सगळ्यांचं होईल तसं माझं," एवढंच म्हणाले. पण या वयात त्यांची वारी माझ्यामुळे मोडायला नको. ज्या गुरुवारी त्यांची सुट्टी नसेल त्या गुरुवारी ते दर्शन करून दुपारी एकला येतील. पगार कापला जाणार नाही. तोवर सुटिंग-शर्टिंग संभाजी बघेल. संभाजीची सुट्टी गुरुवारी असेल तेव्हा मी स्वतः उभा राहीन.

एकट्या माणसावर चालणारे विभाग आपल्याकडे तीन आहेत. रेश्मा नसेल तेव्हा बिलं घरातून वहिनी येऊन करतील. बाळूमामा नसतील तेव्हा शालू-पैठणीच्या गादीवर मी बसेन. जरीचं मामांइतकं मला कळत नाही, पण किमती पाठ आहेत. शोभाताईंच्या सुट्टीच्या दिवशी फॉल-पिको बंद. त्या दिवशी गिऱ्हाइकाला "संध्याकाळी देतो" असं कोणीही सांगायचं नाही. घाई असली तर दुसऱ्या दिवशी सकाळी अकराची वेळ द्या आणि पिशवीला चिठ्ठी लावा.

अदलाबदल करता येईल. कोणाच्या घरी कार्य असतं, पोरांची परीक्षा असते. दहावी-बारावीचे दिवस आलेच आहेत. दोघांनी आपसांत ठरवा आणि आदल्या दिवशी दुकान बंद व्हायच्या आत गल्ल्यावरच्या लाल वहीत दोघांच्या सह्या करा. नुसतं तोंडी सांगितलेलं किंवा ग्रुपवर टाकलेलं धरलं जाणार नाही, कारण दिवाळीत त्यातूनच दोघांचं भांडण झालं होतं आणि खरं कोणाचं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. आपली सुट्टी बदलून घ्या, पण विकू नका. सुट्टीच्या दिवशी काम करून दुसऱ्याकडून रोजचे पैसे घ्यायचे, असं इथे चालणार नाही.

सुट्टीवर जायच्या आदल्या संध्याकाळी आपल्या विभागातले बाजूला काढून ठेवलेले नग, उधारीवर गेलेल्या साड्या आणि कपाटाच्या किल्ल्या शेजारच्याला दाखवून जा. हे नीट झालं तर सुट्टीच्या दिवशी तुम्हाला फोन येणार नाही. "ती जांभळी इरकल कुठे ठेवलीय" म्हणून माणसाला जेवणावरून उठवायचं, हे मीही आता बंद करतो.

कायद्याचंही सांगतो. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे दुकान वर्षभर सातही दिवस उघडं ठेवता येतं, पण प्रत्येक कामगाराला आठवड्याला किमान सलग चोवीस तासांची सुट्टी द्यावी लागते. सुट्टीच्या दिवशी कामाला बोलावलं तर दोन महिन्यांच्या आत बदली सुट्टी द्यायची असते. आपल्याकडे ती पंधरा दिवसांत मिळेल. लाल वहीत तिचीही नोंद करा आणि पंधरा दिवस उलटले तर मला विचारा. विचारण्यात संकोच कसला? साप्ताहिक सुट्टीचा पगार कापला जात नाही, पुढेही कापला जाणार नाही. किरकोळ रजा आणि सणाच्या भरपगारी सुट्ट्या याच्यात मोजल्या जाणार नाहीत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला दुकान बंदच असतं. परवाचा सोमवारही त्यातच आला.

यंदा अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. त्या महिन्यात लग्नं नाहीत, लेक-जावयाच्या वाणाचीच काय ती खरेदी. ज्यांना चार-पाच दिवस सलग गावी जायचं असेल त्यांनी ते दिवस धरावेत, साप्ताहिक सुट्टीला रजा जोडून देईन. त्याआधी एप्रिलमध्ये आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात मात्र मोठी रजा मागू नये. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाची गर्दी असते तेव्हा रोज दोन माणसं कमी चालतील की नाही, हे मला आज सांगता येत नाही. श्रावणात पुन्हा बसू आणि तेव्हा ठरवू. मी एकटा ठरवणार नाही.

एक चक्र पुरं झालं की, म्हणजे सोमवारी २३ मार्चला, दुकान अर्धा तास आधी बंद करून बसू. कोणाला काय अडचण आली ते तेव्हा बोला. तोपर्यंत काही अडलं तर सकाळी दुकान उघडताना मला गाठा, तेव्हा मी मोकळा असतो.

तुमचा,
अण्णा