प्रारूप विकास योजना (सुधारित): नागरिकांसाठी मराठी सारांश

महानगरपालिका, नगररचना विभाग
हरकती व सूचना देण्याची शेवटची तारीख: सोमवार, 20 जुलै 2026, सायंकाळी 5 पर्यंत

शहराची सुधारित प्रारूप विकास योजना, म्हणजे रोजच्या बोलण्यातला ‘डीपी’, महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 26 नुसार 20 जून 2026 रोजी प्रसिद्ध झाली आहे. मूळ अहवाल इंग्रजीत असून त्यासोबत मोठे नकाशे आहेत. आपल्या जमिनीवर नेमके काय दाखवले आहे आणि तिथे किती बांधता येईल, हे प्रत्येकाला एजंटाकडे न जाता कळावे, यासाठी हा सारांश आहे. सारांश आणि मूळ कागद यांत फरक आढळल्यास मूळ अहवाल व नकाशा ग्राह्य धरावा.

योजना अजून अंतिम नाही. तरीही ती प्रसिद्ध झाल्यापासून बांधकाम परवानगी देताना तिचा विचार करावाच लागतो. त्यामुळे ‘मंजूर झाल्यावर पाहू’ म्हणून थांबू नका.

नकाशा कसा पाहावा

आधी सातबारा किंवा मालमत्ता पत्रकावरून आपला सर्व्हे नंबर किंवा नगर भूमापन क्रमांक काढा आणि तो प्रस्तावित जमीन वापर नकाशावर शोधा. शेजारी लावलेला विद्यमान जमीन वापर नकाशा आज जागेवर काय आहे ते दाखवतो. त्यातही चूक असेल, उदाहरणार्थ उभे घर मोकळी जागा म्हणून दाखवले असेल, तर तीही लेखी कळवा. पुढचे प्रस्ताव त्याच नकाशावर बेतलेले आहेत.

जमिनीचा रंग म्हणजे तिचा विभाग. पिवळा रहिवास विभाग: घरे, आणि रस्त्याच्या रुंदीनुसार दुकाने, दवाखाने, शाळा. निळा वाणिज्य, जांभळा औद्योगिक. हिरवा शेती विभाग: इथे शेती आणि शेतीशी निगडित कामे चालतात, इतर बांधकामाला मर्यादित परवानगी आहे. हद्दवाढीतील गावांच्या बऱ्याच जमिनी या वेळी हिरव्यातून पिवळ्यात आल्या आहेत. विभाग पिवळा झाला म्हणून जमीन आपोआप बिगरशेती होत नाही, प्लॉटही पडत नाहीत. रेखांकनाची मंजुरी घ्यावीच लागते.

नदीकाठच्या रहिवाशांनी दोन रेषा नीट पाहाव्यात. नदीपात्र ते निळी पूररेषा हे प्रतिबंधित क्षेत्र आहे, तिथे नवे बांधकाम नाही. निळी ते लाल पूररेषा या पट्ट्यात बांधता येते, पण जोत्याची पातळी लाल पूररेषेच्या पातळीपेक्षा किमान 0.45 मीटर वर हवी.

विभाग वेगळा, आरक्षण वेगळे

सर्वाधिक गैरसमज इथेच होतात. विभाग सांगतो की मालक स्वतः जमिनीचा वापर कशासाठी करू शकतो. आरक्षण सांगते की ही जागा उद्यान, शाळा, भाजी मंडई, दवाखाना अशा ठराविक सार्वजनिक कामासाठी राखली आहे. नकाशावर आरक्षणाला क्रमांक असतो, त्याचा तपशील अहवालाच्या आरक्षण यादीत मिळेल.

आरक्षण पडले म्हणून सातबाऱ्यावरचे नाव जात नाही. जमीन संपादन होईपर्यंत मालकी तुमचीच राहते. महानगरपालिका ती 2013 च्या भूसंपादन कायद्यानुसार पैसे देऊन घेऊ शकते. पैशांऐवजी हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे टीडीआर, घेता येतो; हा दुसऱ्या भूखंडावर वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क आहे. दाट वस्तीबाहेर तो दिलेल्या क्षेत्राच्या दुप्पट, दाट वस्तीत तिप्पट असतो. काही आरक्षणांत मालकाने ठराविक भाग विकसित करून महानगरपालिकेला द्यायचा आणि उरलेल्या भागाचा स्वतः विकास करायचा, अशीही तरतूद आहे. अंतिम योजना लागू झाल्यापासून 10 वर्षांत संपादन झाले नाही, तर मालक कलम 127 ची नोटीस देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावले उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते.

किती बांधता येईल: एफएसआय

चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे एफएसआय, हा भूखंडाच्या क्षेत्राशी सर्व मजल्यांच्या एकूण बांधकामाचे प्रमाण सांगतो. मजले किती, हे त्यातून कळत नाही. ते इमारतीभोवती मोकळी सोडायची सामासिक अंतरे, उंचीची मर्यादा आणि वाहनतळाची गरज यांवर ठरते. फ्लॅटच्या करारातले चटई क्षेत्र ही वेगळी बाब आहे, ती इथे मिसळू नये.

राज्याच्या 2020 च्या एकत्रिकृत नियमावलीनुसार दाट वस्तीबाहेरील रहिवासी भूखंडांसाठी मूळ एफएसआय 1.10 आहे. त्यावर किती चढवता येईल, हे समोरच्या रस्त्यावर अवलंबून आहे:

9 मीटरपेक्षा कमी: एकूण 1.10, वाढ नाही
9 ते 12 मीटरपेक्षा कमी: एकूण 2.00
12 ते 15 मीटरपेक्षा कमी: एकूण 2.25
15 ते 24 मीटरपेक्षा कमी: एकूण 2.50
24 ते 30 मीटरपेक्षा कमी: एकूण 2.75
30 मीटर व अधिक: एकूण 3.00

वाढीतील 0.50 अधिमूल्य भरून मिळतो, उरलेला टीडीआर घेऊन. गावठाण व दाट वस्तीसाठी कोष्टक वेगळे आहे, ते अहवालासोबत पाहावे.

एक भूखंड घेऊ: 500 चौरस मीटर, म्हणजे पाच गुंठ्यांच्या आसपास, समोर 12 मीटरचा रस्ता. मूळ 1.10 प्रमाणे 550 चौरस मीटर. अधिमूल्याचे 250. टीडीआरचे 325. एकूण 1,125. याशिवाय जिने, बाल्कनी, मार्गिका अशा भागांसाठी निवासी इमारतीला या एफएसआयच्या 60 टक्क्यांपर्यंत अनुषंगिक एफएसआय अधिमूल्य भरून मिळतो, म्हणजे आणखी 675. कमाल बांधकाम 1,800 चौरस मीटर. हाच भूखंड साडेसात मीटरच्या गल्लीत असेल तर 550 आणि त्यावर 330, म्हणजे 880 वरच गाडी थांबते. ही कमाल मर्यादा आहे. सामासिक अंतरे सोडून ती प्रत्यक्षात बसेलच असे नाही.

म्हणून रस्तारुंदीची रेषा दोन्ही बाजूंनी वाचा. जुना बाजार ते रेल्वे स्टेशन हा साडेसात मीटरचा रस्ता 9 मीटर करण्याचा प्रस्ताव आहे. त्यात काही घरांचे ओटे आणि दुकानांचे दर्शनी भाग जातील, हे खरे नुकसान आहे. त्याच वेळी मागच्या भूखंडांची मर्यादा 1.10 वरून 2.00 होते. गाळेधारक, भाडेकरू आणि मालक यांचे हित इथे एक नाही. भाडेकरूंनीही हरकत द्यावी, त्यासाठी मालकी लागत नाही.

हरकत कशी द्यावी

साध्या कागदावर, मराठीत, सही करून. शुल्क नाही, वकील लागत नाही. नगररचना विभागात किंवा कोणत्याही प्रभाग कार्यालयात देऊन पोहोच घ्या. सर्व्हे नंबर, आरक्षण क्रमांक किंवा रस्त्याचे नाव, नेमका आक्षेप आणि शक्य असेल तर पर्याय लिहा. ‘आरक्षण रद्द करा’ एवढ्याने समितीच्या हाती काही लागत नाही. असे लिहिता येईल:

“सर्व्हे नं. 84/2 वरील खेळाच्या मैदानाच्या आरक्षणात आमचे 2009 साली परवानगी घेऊन बांधलेले घर येते. परवानगीची व मोजणी नकाशाची प्रत जोडली आहे. मैदानाची गरज आम्हाला मान्य आहे. लगतच्या मोकळ्या जागेकडे हद्द सरकवून घर वगळावे. मला प्रत्यक्ष सुनावणी द्यावी.”

सुनावणी नियोजन समिती घेते. तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. अर्जात पत्ता आणि मोबाइल क्रमांक स्पष्ट लिहा, सुनावणीचे पत्र त्याच पत्त्यावर येईल.

नकाशे महानगरपालिका मुख्यालयाच्या तळमजल्यावर आणि सर्व प्रभाग कार्यालयांत कामकाजाच्या वेळेत पाहता येतील. शनिवारी सकाळी 10 ते 2 या वेळेत नगररचना विभागाचे कर्मचारी सर्व्हे नंबर शोधून देण्यासाठी आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांचा अर्ज लिहून देण्यासाठी तिथे बसतील.