12 फेब्रुवारीची ग्राहक भेट : सर्व विभागप्रमुख आणि सुपरवायझर यांच्यासाठी

शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर
मंगळवार, 3 फेब्रुवारी 2026

सप्रेम नमस्कार,

येत्या गुरुवारी नव्हे, पुढच्या गुरुवारी, म्हणजे 12 फेब्रुवारीला आपले चाकणचे ट्रॅक्टर ग्राहक फाउंड्री आणि मशीन शॉप बघायला येत आहेत. चौघे आहेत : खरेदी विभागाचे प्रमुख, पुरवठादार गुणवत्ता पाहणारे अभियंते, डिझाइनच्या अभियंता मॅडम आणि त्यांच्या लॅबचे मेटलर्जिस्ट. मेटलर्जिस्ट पहिल्यांदाच येत आहेत, यावरून भेटीचा रोख ओळखा.

येण्याची कारणं दोन. मागच्या अ‍ॅक्सलच्या नव्या हाउसिंगचं काम (एसजी आयर्न 450/10, वजन 38 किलो) आपल्याला द्यायचं का, हे त्यांना ठरवायचं आहे. आणि नोव्हेंबरच्या लॉटमध्ये मशिनिंगनंतर जे ब्लोहोल निघाले, त्यावर आपण 8डीमध्ये जे लिहून दिलं ते खरोखर लाइनवर चालू आहे का, हे त्यांना बघायचं आहे. दुसऱ्याचं उत्तर मिळाल्याशिवाय ते पहिल्याचा निर्णय घेणार नाहीत.

म्हणून एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. भेटीसाठी शॉप सजवायचं नाही. आदल्या दिवशी जमिनीला रंग मारायचा नाही, नवे फलक लावायचे नाहीत आणि रिजेक्शनची लाल पेटी कुठेही हलवायची नाही. पेटीतल्या प्रत्येक कास्टिंगवर टॅग हवा, त्यावर दोष, हीट नंबर आणि तारीख हवी, आणि पेटी रोजच्याच जागी हवी. कास्टिंग बनवणाऱ्या कारखान्यात रिजेक्शन शून्य दिसलं तर अनुभवी माणसाला पहिली शंका तिथेच येते. आपलं रिजेक्शन किती, कशामुळे आणि ते कमी करायला काय केलं, हे आपण सांगू शकतो ही आपली जमेची बाजू आहे.

दिवसाचा कार्यक्रम

बुधवारी संध्याकाळी ते पुण्याहून गाडीने येतील आणि शहरात मुक्काम करतील. गुरुवारी पहाटे अंबाबाईच्या दर्शनाला जायचं असल्यास 6.30 ला आपली गाडी हॉटेलवर असेल. एचआर बुधवारी रात्रीच विचारून ठेवेल.

9.00 – हॉटेलवरून निघणे. तावडे हॉटेलच्या चौकात सकाळी गर्दी असते, उशीर करू नये.
9.30 – गेटवर नोंद, सुरक्षेची माहिती, बूट-हेल्मेट-चष्मे.
9.45 – मीटिंग रूम : ओळख आणि नोव्हेंबरच्या तक्रारीचं सादरीकरण. वीस मिनिटं, दहा स्लाइड, जास्त नाही.
10.15 – शॉप फेरी : सॅन्ड प्लांट, कोअर शॉप, मोल्डिंग, भट्टी आणि ओतकाम, नॉकआउट, शॉट ब्लास्ट, फेटलिंग.
12.15 – लॅब : स्पेक्ट्रोमीटर, मायक्रोस्कोप, सॅन्ड टेस्टिंग.
1.00 – जेवण, आपल्या कँटीनमध्ये.
1.45 – मशीन शॉप, सीएमएम, अंतिम तपासणी, डिस्पॅच.
3.00 – नव्या हाउसिंगच्या ड्रॉइंगवर चर्चा (डिझाइन आणि पॅटर्न विभाग).
4.00 – समारोपाची बैठक : त्यांचे मुद्दे, आपल्या तारखा.
4.45 – निघणे. खंबाटकी घाट फार उशिरा लागू नये.

कंपनीची फिल्म दाखवायची नाही. त्यांच्याकडे सहा तास आहेत, ते शॉपवर जाऊ देत.

तयारी

मेल्टिंग विभागाने हीटचं वेळापत्रक असं बसवावं की साधारण 11.15 ला मॅग्नेशियम ट्रीटमेंट होईल आणि पाहुणे तेव्हा भट्टीजवळ असतील. मेटलर्जिस्टना हेच बघायचं असणार. ट्रीटमेंटनंतर मॅग्नेशियमचा परिणाम उतरत जातो, म्हणून आपली मर्यादा आठ मिनिटांची आहे. त्या आठ मिनिटांत लॅडल रिकामी झाली नाही तर उरलेला धातू ओतायचा नाही, परत घ्यायचा. पाहुणे उभे आहेत म्हणून शेवटचे दोन मोल्ड रेटू नका. तसं करणं त्यांच्यासमोरही चूक आणि एरवीही चूकच. नोड्युलॅरिटीचा नमुना शेवटच्या मोल्डमधूनच घेतला जातो हे लॅबने त्यांना दाखवावं, कारण पहिल्या मोल्डचा नमुना नेहमीच चांगला येतो आणि हे त्यांना माहीत आहे.

कोअर शॉपकडे सगळ्यांचं सर्वाधिक लक्ष असेल. नोव्हेंबरचे ब्लोहोल शेल कोअरची गॅस वाट बंद झाल्यामुळे आले होते. त्यानंतर प्रत्येक कोअरमधून तपासणीची पिन फिरवायची आणि मगच तो रॅकवर ठेवायचा, असं आपण ठरवलं. ती पिन मशीनवर साखळीने बांधलेली आहे का, दुसऱ्या आणि तिसऱ्या पाळीतही वापरली जाते का, तिची झीज कोण तपासतं, हे कोअर शॉपच्या सुपरवायझरनी याच आठवड्यात तिन्ही पाळ्यांमध्ये स्वतः उभं राहून बघावं. कागदावर टिक आहे पण पिनेवर महिन्याची धूळ आहे, असं दिसलं तर ते आत्ता कळू दे.

गुणवत्ता विभागाने सोमवारी, 9 तारखेला, सराव घ्यावा. डिस्पॅचमधून कोणतीही तीन कास्टिंग उचलायची आणि हीट नंबरवरून मागे जायचं : चार्ज शीट, स्पेक्ट्रो रिपोर्ट, मायक्रोचा फोटो, त्या तासाची वाळूची ओल आणि कॉम्पॅक्टेबिलिटी, कोअरचा बॅच. पंधरा मिनिटांत सगळे कागद टेबलावर यायला हवेत. नेमकी हीच परीक्षा ते गुरुवारी घेतील. कास्टिंग तेच निवडतील, आपण पुढे करायचं नाही. गेजवरच्या कॅलिब्रेशन स्टिकरच्या तारखाही त्याच दिवशी बघून घ्या. तारीख उलटलेला गेज वापरातून काढून कपाटात ठेवा, स्टिकर बदलू नका.

स्टोअर आणि पॅटर्न विभागाकडे एक नाजूक काम आहे. आपल्याकडे इतर ग्राहकांचे पॅटर्न आणि ड्रॉइंग आहेत. फेरीच्या वाटेवरची सगळी ड्रॉइंग बोर्डावरून उतरवून फाइलमध्ये जातील, पॅटर्न रॅकवर कापड असेल. दुसऱ्याचं काम आपण यांना दाखवलं तर यांचं काम उद्या दुसऱ्याला दाखवू, असा सरळ अर्थ ते काढतील. फोटो काढायचे असतील तर फक्त त्यांच्या पार्टचे, आणि गुणवत्ता प्रमुखांना विचारून.

मेंटेनन्सने महावितरणकडे चौकशी करून त्या दिवशी फीडरवर नियोजित बंद नाही याची खात्री करावी.

एचआर आणि सुरक्षा : बुटांचे नंबर आले आहेत, 7, 8, 9 आणि मॅडमसाठी 5. पाच नंबर आपल्या स्टोअरमध्ये नाही, आजच मागवा. चौघांनाही निरोप गेला आहे की पूर्ण बाह्यांचे सुती कपडे घालावेत. तरी दोन सुती कोट तयार ठेवा, कारण सिंथेटिक कापडावर ठिणगी पडली तर ते वितळून अंगाला चिकटतं. मॅडमसाठी ऑफिसच्या मजल्यावरचं स्वच्छतागृह त्या दिवशी राखीव असेल, चावी रिसेप्शनवर. (शॉपमधल्या महिला कामगारांचं स्वच्छतागृहही त्याच दर्जाचं असायला हवं. ते काम मी वेगळं हाती घेतलं आहे, भेटीशी त्याचा संबंध नाही.)

जेवण साधं आणि गरम असू दे. एकजण जैन आहेत, त्यांचं कांदा-लसणाशिवायचं ताट वेगळं. गुरुवार आहे, कुणाचा उपवास असू शकतो, तेही बुधवारी विचारून घ्या. हायवेवरच्या हॉटेलात नेलं तर दीड तास जातो. तांबडा-पांढरा ज्यांना हवा त्यांच्यासाठी बुधवारची रात्र आहे.

त्या दिवशीचं वागणं

पाहुणे आले म्हणून कुणीही काम थांबवून उभं राहायचं नाही. मशीनवरच्या माणसाला प्रश्न विचारला तर त्यानेच उत्तर द्यायचं. सुपरवायझरनी मध्ये पडून त्याच्या वतीने बोलू नये. आपले मोल्डिंगवरचे आणि भट्टीवरचे मिस्त्री वर्षानुवर्षं हे काम करत आहेत. ते मराठीत, स्वतःच्या शब्दांत जे सांगतील ते कुठल्याही स्लाइडपेक्षा वजनदार असेल. मॅडमना मराठी कमी समजतं, तिथे गुणवत्ता प्रमुख हिंदीत सांगतील, पण शब्द त्याचेच ठेवतील.

माहीत नसेल तर "माहीत नाही, विचारून सांगतो" म्हणा आणि लिहून घ्या. "होऊन जाईल" हे उत्तर त्या दिवशी कुणाच्या तोंडून येऊ नये. दर, सवलत, डिलिव्हरीची तारीख हे विषय शॉपवर कुणीही बोलायचे नाहीत. विचारलं तर "चारच्या बैठकीत बोलू". त्यांनी चूक दाखवली तर वाद घालू नका, कारणंही देऊ नका. फेरीत प्रत्येक मुद्दा पीपीसीचे सहकारी वहीत लिहितील, ठिकाण आणि वेळेसह.

भट्टीजवळ पिवळ्या रेषेच्या आत पाहुण्यांपैकी कुणीही येणार नाही. खरेदी प्रमुखांनी आग्रह केला तरी नाही. ट्रीटमेंटचा लखलखाट निळ्या चष्म्यातूनच बघायचा. त्या वेळी चार्जमध्ये ओलं किंवा गंजलं स्क्रॅप नको, हे मेल्टिंगला सांगायची गरज नाही, तरी सांगतो. सुरक्षेच्या कारणावरून फेरी थांबवायचा अधिकार सुरक्षा अधिकाऱ्यांना आहे. मी सोबत असलो तरी आहे.

भेटीनंतर

गाडी गेटबाहेर गेली की 5 वाजता आपण सगळे मीटिंग रूममध्ये अर्धा तास बसू. वहीतला प्रत्येक मुद्दा वाचला जाईल आणि त्याच्यासमोर एकच नाव आणि एकच तारीख लिहिली जाईल. "प्रॉडक्शन आणि क्वालिटी" असं जोडनाव चालणार नाही, त्यातून कुणीच करत नाही.

शुक्रवारी दुपारी 1 पर्यंत इतिवृत्त त्यांच्याकडे जाईल. त्यात त्यांनी दाखवलेल्या उणिवा त्यांच्याच शब्दांत असतील, सौम्य करून नाही. आठ दिवसांत होणारी कामं झाल्यावर 20 फेब्रुवारीला आधीचा-नंतरचा फोटो पाठवायचा. जे जमणार नाही ते कारणासह त्याच दिवशी कळवायचं, त्यांच्या फोनची वाट न बघता. नव्या हाउसिंगचा होकार आला तर पॅटर्नचं वेळापत्रक आणि पहिल्या नमुन्यांची तारीख डेव्हलपमेंट विभाग 23 तारखेपर्यंत देईल.

शनिवारी, 14 तारखेला, पहिल्या पाळीच्या सुरुवातीला मी शॉपवर येऊन पाहुणे काय म्हणाले ते सगळ्यांना सांगेन, चांगलं आणि वाईट दोन्ही. दुसऱ्या आणि तिसऱ्या पाळीला सुपरवायझरनी तेच सांगावं. निर्णय मीटिंग रूममध्ये होतो, पण कास्टिंग ज्यांच्या हातून बनतं त्यांना तो शेवटी कळावा हे मला पटत नाही.

प्रत्येक विभागाने आपली तयारी आणि अडचणी शुक्रवार, 6 फेब्रुवारी, संध्याकाळी 5 पर्यंत पीपीसीकडे लेखी द्याव्यात. कोअर शॉपची तिन्ही पाळ्यांची पाहणी मात्र थेट माझ्याकडे, याच गुरुवारपर्यंत.

आपला,
प्लांट हेड