वहिनी, सातबाऱ्याचा फोटो मिळाला

वहिनी, रात्री फोटो आला, सोबत एक शब्दही नव्हता. दोनदा फोन लावला, लागला नाही. तेव्हा कशासाठी पाठवलाय हे न कळताच लिहितोय. दिवसभर सेवा केंद्रात लोकांना सातबारे काढून देतो, म्हणून कागदावर काय छापलंय ते नीट सांगू शकतो. त्याचा कोर्टात काय अर्थ निघेल ते सांगणारा मी नव्हे. त्याला वकील लागतो.

कागद बरोबरच आहे. वरचा अर्धा गाव नमुना सात, म्हणजे जमीन कोणाच्या नावावर. खालचा नमुना बारा, म्हणजे त्यात काय पिकलं. गाव आपलं, तालुका जुन्नर. गट नंबर मात्र अर्धा घडीत गेलाय. मला 318 वाटतो, पण 313 सुद्धा असू शकेल. तुमच्या हातातल्या कागदावर पाहून सांगा.

भू-धारणा पद्धतीसमोर 'भोगवटादार वर्ग-2' आहे. हा शब्द बघून तुम्ही घाबरला असाल तर घाबरू नका, जमीन कोणी काढून घेतलेली नाही. वर्ग-1 म्हणजे हस्तांतरावर सहसा बंधन नाही. वर्ग-2 म्हणजे विकताना किंवा बक्षीस देताना काही अटी असतात, बऱ्याचदा आधी परवानगी लागते. तुमच्या उताऱ्यावर त्याचं कारणही दिसतं. उजवीकडे इतर अधिकारात 'कु.का. कलम 43' असं लिहिलंय. कुळकायद्यात कुळांनी विकत घेतलेल्या जमिनींवर हा शेरा असतो, म्हणजे मागे कधीतरी घरातलं कोणी या जमिनीचं कूळ असणार. ही अट उठवायची पद्धत कायद्यात आहे. तुमच्या गटाला ती लागू होते का, ते तहसीलला जुनी कागदं दाखवूनच कळेल.

क्षेत्राचे आकडे हेक्टर, आर, चौरस मीटर असे वाचायचे. लागवडीचं 1.36.00, पोटखराब वर्ग अ 0.06.00, एकूण 1.42.00. एक आर म्हणजे जवळपास एक गुंठा धरा. म्हणजे सगळी मिळून साडेतीन एकर आणि वर किंचित. पोटखराब म्हणजे त्याच गटातला नांगर न चालणारा तुकडा, खडक, ओघळ किंवा खळ्याची जागा. तो वेगळा नाही, एकूणात धरलेलाच आहे. आकारणी 3.27 लिहिलीय, तो शेतसारा आहे, जमिनीची किंमत नव्हे. हे मुद्दाम लिहितोय, कारण दरवर्षी कोणीतरी त्यावरून मला विचारतंच.

आता नावांचा रकाना. तुमचा प्रश्न इथलाच असावा असं मला वाटतं. मामांच्या नावावर आडवी रेघ आहे. पूर्वी कमी झालेलं नाव कंसात टाकायचे, आता रेघ मारतात. नाव पुसत नाहीत, कमी केलं एवढंच दाखवतात. कोणत्या नोंदीने कमी झालं ते शेजारच्या फेरफार नंबरावरून कळतं. खाली चार नावं आहेत, आत्या, दादा, प्रकाश आणि शोभाताई. चौघांसमोर वेगवेगळं क्षेत्र नाही, मिळून एकच आकडा आहे आणि 'सामाईक क्षेत्र' लिहिलंय. म्हणजे खातं चौघांचं एकत्र आहे, वाटप या उताऱ्यावर चढलेलं नाही. बांधावर दादा आणि प्रकाश यांनी अर्धं-अर्धं कसायला घेतलं असेल, पण त्याचा पत्ता सातबाऱ्याला नाही.

चार नावं म्हणून प्रत्येकी पाव, असं मात्र कागदावरून काढू नका. कोणाचा हिस्सा किती हे जमीन घरात कशी आली, मामांनी मृत्युपत्र केलं होतं का, कोणी हक्कसोड दिलं का, यावर ठरतं. यातलं काहीच या पानावर नाही. आणि मला माहीत असतं तरी मी आकडा सांगितला नसता. घरात एकदा आकडा बोलला गेला की तोच खरा मानून भांडणं होतात.

तुमचं नाव नाही म्हणून वाईट वाटलं असेल तर, दादा हयात असताना वारस नोंदीत सुनेचं नाव येत नाही. ही नोंद मामांच्या वारसांची दिसते.

इतर अधिकारात आणखी दोन ओळी आहेत. एक विहिरीतल्या सामाईक हिश्श्याची. दुसरी सोसायटीचा बोजा, 1,10,000 रुपये. मला आठवतं त्याप्रमाणे दादांनी ते पीककर्ज फेडलंय. पण कर्ज फिटलं म्हणून बोजा आपोआप उतरत नाही. सोसायटीचा बेबाकी दाखला जोडून तलाठ्याकडे अर्ज द्यावा लागतो. (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण अर्ज तिथेच.) बाकी राहिलेली नाही ना, ते मात्र आधी सोसायटीत विचारा.

आणि वहिनी, त्याच इतर अधिकाराच्या रकान्यात तळाला पाहा. 'प्रलंबित फेरफार' समोर एक नंबर आहे. त्यावर तुमचा अंगठा आलाय, शेवटचे दोन आकडे दिसत नाहीत. सगळ्या पानात माझं लक्ष इथे अडकलं. प्रलंबित म्हणजे या गटावर कोणती तरी नवी नोंद धरलीय आणि ती अजून मंजूर झालेली नाही. ती बोजा कमी करायची असेल, नाव वाढवायची असेल किंवा आणखी कसली. सातबाऱ्यावर फक्त नंबर येतो, मजकूर येत नाही. मजकूर फेरफार नोंदीत, म्हणजे नमुना सहामध्ये असतो. संबंधितांना नोटीस काढतात, हरकतीला 15 दिवस देतात आणि मग मंडळ अधिकारी निर्णय घेतात. नोटीस घरी आली होती का, कोणी सही करून घेतली का, ते दादांना विचारा. 'आपली चावडी'वरही गावाच्या नोटिसा बघता येतात. हरकत घ्यावी की नको यावर मी बोलणार नाही, पण मुदत चालू असेल तर हे पुढच्या आठवड्यावर ढकलू नका.

खालच्या नमुना बारामध्ये 2024-25 ची खरीप सोयाबीन आणि रब्बी कांदा आहे. कांद्यापुढे जलसिंचित, साधन विहीर. वर जमीन जिरायत आणि खाली पाण्याचा कांदा, हे विसंगत वाटेल, पण वरचं जुन्या आकारणीवरून येतं आणि खालचं त्या वर्षीच्या ई-पीक पाहणीवरून. प्रकाशने मोबाइलवर पीक नोंदवलं असेल, पण त्याने जमीन त्याची होत नाही.

शेवटची गोष्ट. फोटोत खालची पट्टी कापली गेलीय, त्यामुळे हा डिजिटल सहीचा उतारा आहे की नुसता माहितीसाठी पाहायचा, ते कळत नाही. बँकेला किंवा ऑफिसात द्यायचा असेल तर 15 रुपयांचा सहीचा काढावा लागेल, तो मी इथून काढून देईन. सातबाऱ्यातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरतात, पण मालकीचा वाद निघाला तर नुसत्या त्याच्यावर निकाल लागत नाही. खरेदीखत, वाटपपत्र, जुने फेरफार हे सगळं काढावं लागतं. या पानाच्या जोरावर कोणी तुम्हाला कुठे सही करायला सांगत असेल तर आधी ती कागदं वकिलाला दाखवा. तालुक्याला विधी सेवा समिती असते, तिथे बायकांना वकिलाचा सल्ला फुकट मिळतो.

आता एवढं करा. प्रलंबित फेरफाराच्या नंबरचा आणि गट नंबरचा जवळून फोटो काढा, अंगठा बाजूला ठेवून. आणि हे पान तुमच्याकडे कोणी दिलं, का दिलं, ते एका ओळीत लिहा. मी आठपर्यंत केंद्रात आहे.