संदर्भ चिठ्ठी : मेडिकल, नागपूर (अपघात विभाग)

रुग्ण : पुरुष, ४२ वर्षे, शेतमजूर. सकाळी ६.३० ला कापूस वेचताना उजव्या घोट्याला सर्पदंश. नातेवाइकांनी दाखवलेल्या फोटोत घोणस. आगमन ७.३०.

२० मिनिटांच्या चाचणीत रक्त गोठले नाही. ७.५० ला एएसव्ही १० व्हायल सलाइनमधून सुरू. दहाव्या मिनिटाला अंगभर गांधी, धाप. ड्रिप थांबवून ॲड्रेनलिन ०.५ मिग्रॅ मांडीच्या स्नायूत, मग हळू पूर्ण केले. १.५० ला रक्त अजूनही पातळ. आणखी १० व्हायल, ३ वाजता संपले. टीटी दिलेले नाही.

लघवी सहा तासांत जेमतेम १०० मिली, चहासारखी. क्रिएटिनिन २.८. डायलिसिस इथे नाही, म्हणून पाठवत आहे. बीपी १००/६०, नाडी ११०, शुद्धीत.

पुढची गोठण चाचणी रात्री ८ ला जरूर करावी. सोबत पत्नी; ती फार घाबरली आहे, कृपया समजावून सांगावे.

वैद्यकीय अधिकारी, ग्रामीण रुग्णालय. १०८ ने रवाना ३.१५.