वाचू या : पहिलीच्या वर्गासाठी वाचनपट्टी

(ताई-दादा आणि घरच्यांसाठी : बाराखडी आधी पाठ व्हायलाच हवी असं नाही. प्रत्येक टप्प्यात शिकवलेल्या अक्षरांचीच वाक्यं आहेत. मूल अडलं तर शब्द सांगू नका, अक्षरावर बोट ठेवा.)

टप्पा १ : क म ल ब स घ र न त
घर, बस, कर, सरबत
घर बघ. कमल, बस. कमल, सरबत कर.

मूल 'घ… र…' असं लांबवतं. शेवटच्या अक्षरातला 'अ' आपण बोलताना गिळतो, म्हणून 'आता पटकन म्हण' एवढंच सांगा.

टप्पा २ : आ, काना, ज ग प व च ळ ह द
जोड्या मोठ्याने : गाल–गाळ, माल–माळ, काला–काळा
चार, चहा, पण चाक, चाळ, चव. 'च'चे उच्चार दोन, खूण एकच. नियम सांगत बसू नका, मुलांच्या कानाला ते ठाऊक असतं.

दारात काका. काका, बसा. बाबा चहा करतात. कमल, चहा गाळ. चार कप चहा. काका, हा चहा. गरम गरम चहा! काका हसतात.

('काका आले' लिहायला मात्रा हवी, आणि 'काका आला' कानाला खटकतं. म्हणून 'दारात काका'.)

टप्पा ३ : ई, दीर्घ वेलांटी, ण ट भ
आई, आजी, पाणी, नदी

आई बाजारात जाणार. मी पण जाणार. आई, ही भाजी ताजी! पालक, बटाटा, कारली. आई, कारली नाही! आई हसली.

ऱ्हस्व वेलांटी मागाहून घ्या. मराठी शब्दाच्या शेवटी सहसा दीर्घच येते. 'आणि' हा अपवाद टप्पा ५ पर्यंत थांबू शकतो.

टप्पा ४ : ए, ऊ, एक मात्रा, काना-मात्रा, दीर्घ उकार, श ड ख
आजोबा शेतात गेले. कमल मागे मागे गेली. आजोबा ऊस तोडतात. आजोबा, एक ऊस मला! कमल ऊस चावून चावून खाते. ऊस गोड आहे.

'आजी' आणि 'आजोबा' लागोपाठ म्हणून घ्या, 'ज' बदलतो.

टप्पा ५ : ऱ्हस्व वेलांटी, ऱ्हस्व उकार, अनुस्वार, ठ फ झ
आंबा पिकला आणि पोपट आला. चिमणी कुठे आहे? ती चिंचेवर आहे. दोन फळं खाली पडली. एक माझं, एक तुझं.

'आंबा'तला अनुस्वार नाकातून, 'फळं'वरचा नुसता लांबवायचा.

टप्पा ६ : ओ, ढ, जोडाक्षरं
आधी बोलण्यातली : आम्ही, तुम्ही, पुन्हा. मग पत्ता, एक्का, रस्ता. सूर्य, ट्रक, वाऱ्यावर ही 'र'ची रूपं सगळ्यात शेवटी, वेगळ्या पट्टीत.

पाऊस आला. रस्ता ओला झाला. आम्ही ओसरीवर बसलो. आजी म्हणाली, "पत्ते काढा." कमलने पत्ते वाटले. आजोबांनी एक्का टाकला. पुन्हा एक्का! पुन्हा एक्का! आजी म्हणाली, "ही लबाडी आहे." आजोबा म्हणाले, "मग पुन्हा वाटा."