करंगळीएवढी फट

वाईतल्या एका जुन्या वाड्याला लागून नऊ इंची भिंत चढत होती, चार फुटांवर आली होती. म्हादूतात्या भाकरी खाऊन येईस्तोवर सुन्यानं कोपऱ्यावर दोन थर एकट्यानंच लावले होते.

"तात्या, भिंत आत कललेली दिसत होती. म्हणून हे दोन थर जरा बाहेर काढले."

तात्यांनी भिंतीकडं बघितलंसुद्धा नाही. पिशवीतून ओळंबा काढून त्याच्या हातात दिला.

सुन्यानं ठोकळा वरच्या विटेला टेकवून दोरी सोडली. गोळा वाऱ्यानं झुलायला लागला.

"हातानं थोपव, अलगद सोड. थांबल्याबिगर वाचायचं नाही."

ठोकळ्याची रुंदी आणि गोळ्याचा व्यास एकच असतो, त्यामुळं भिंत सरळ असली की गोळा विटेला जेमतेम शिवतो. इथं मात्र गोळा आणि खालची वीट यांच्यातून करंगळीचं टोक जात होतं.

"फट पडली म्हणजे वरचं पुढं आलंय. गोळा भिंतीवर रेलला असता तर वरचं मागं."

"पण दिसत होतं तसं, तात्या."

"कशाशेजारी दिसत होतं? आता तिकडं लाव."

सुन्या बांबूच्या पहाडावर चढला आणि वाड्याच्या भिंतीला ठोकळा टेकवला. खाली गोळा चार बोटं लांब लोंबत राहिला. वाडाच रस्त्याकडं झुकला होता.

सुन्या खजील झाला. "मग ठोकून मागं घेतो."

"माल धरायला लागलाय. वीट सरकेल, पण खालचा सांधा सुटेल. पावसाळ्यात पाणी तिथनंच आत येतंय." दोन्ही थर उतरवले, विटा खरवडून भिजवल्या, माल ताजा कालवला. जुन्यात पाणी घालून चालवायचा मोह बिगाऱ्याला झाला होता. तात्यांनी ते घमेलं ओतून द्यायला लावलं.

चार वाजता खिडक्यांची पातळी काढायची होती. समोरच्या कोपऱ्यावरच्या खुणेला पाणी भरलेल्या नळीचं एक टोक तात्यांनी धरलं, दुसरं सुन्यानं. दोन्ही तोंडं उघडी, अंगठा काढलेला. पाणी स्थिरावलं. सुन्यानं पेन्सिल उचलली आणि थांबला. जोत्यापासून टेप लावला तर खूण पाऊण इंच वर येत होती.

"जोतं सकाळीच तपासलंय ना, तात्या?"

"तपासलंय."

सुन्या नळी घेऊन तात्यांकडं गेला, दोन्ही टोकं शेजारी धरली. पाणी एका रेषेत येईना. तो नळी हातातून सरकवत, बोटानं टिचक्या मारत निघाला. मधल्या वेटोळ्यात बोटभर लांब बुडबुडा अडकला होता. टोक उंच करून त्यानं तो बाहेर काढला, वरून पाणी घातलं, पुन्हा टोकं जुळवली.

"आता धरा," तो म्हणाला.

तात्यांनी चहाचा कप पहाडावर ठेवला आणि नळी खुणेला लावली.